फ्लूची लस नाकातून की दंडात? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मेडिकलमध्ये फ्लूच्या लसीची चौकशी सुरू होते आणि नाकात फवारायची लस मिळत असेल तर लेकराला सुई कशाला, असे अनेक पालक विचारतात. दोन्ही लसी फ्लूपासून संरक्षण देण्यासाठीच असल्या, तरी त्या एकमेकींच्या जागी कोणालाही देता येत नाहीत. कोणाला कोणती चालते, हे समजून घेऊनच मागणी नोंदवावी, अशी आमची विनंती आहे.

दंडात टोचण्याच्या लसीत फ्लूच्या विषाणूचे मृत अंश असतात, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो आणि एक-दोन दिवस कणकण वाटू शकते. नाकातील लसीत मात्र जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो नाकाच्या थंड भागात थोडा वाढतो, फुप्फुसांच्या उष्णतेत नीट वाढू शकत नाही आणि त्या थोड्या वाढीतूनच शरीर प्रतिकार शिकते. आपल्या राज्यातील पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी अशी लस बाजारात आणली होती. ही लस दिल्यानंतर नाक वाहणे किंवा किंचित ताप येणे शक्य असते. लगेच शिंक आली तरी मात्रा वाया जात नाही व पुन्हा द्यावी लागत नाही. मात्र सर्दीने नाक पूर्ण चोंदलेले असेल, तर मोकळे होईपर्यंत थांबावे, नाहीतर टोचणीची लस घ्यावी.

नाकातील लसीचे सगळे निर्बंध तिच्यातील विषाणू जिवंत असण्यामुळेच आहेत. दोन वर्षांखालील बाळ, गरोदर स्त्री, कर्करोगावरील औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी व्यक्ती, ॲस्पिरिन चालू असलेले मूल, तसेच गेल्या वर्षभरात छातीत घरघर झालेले दोन ते चार वर्षांचे मूल यांना ती देऊ नये. टोचणीची लस सहा महिन्यांच्या बाळापासून वृद्धांपर्यंत देता येते आणि गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते. नाकातील लसीची वरची वयोमर्यादा उत्पादकानुसार बदलते, पण उतारवयात टोचणीचीच लस घेणे आम्हाला योग्य वाटते.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. एसएस म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाची प्लीहा लहानपणापासूनच निकामी होत जाते आणि त्यामुळे संसर्गाविरुद्धची त्याची ताकद कमी असते. वरून मूल धडधाकट दिसले तरी त्याला नाकातील लस न देता टोचणीचीच द्यावी. एएस म्हणजे केवळ वाहक असलेल्या मुलाला एवढ्या कारणावरून नाकातील लस नाकारण्याची गरज नाही. म्हणून लसीसाठी येताना सिकलसेल तपासणीचे कार्ड सोबत आणावे. कार्ड नसेल, तर डॉक्टरांना आधी तपासणीबद्दल विचारावे.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. सहा वर्षांचा मुलगा एसएस आहे, आठ वर्षांची त्याची बहीण एएस व एरवी निरोगी आहे, आई पाच महिन्यांची गरोदर आहे आणि सत्तरीच्या आजीला मधुमेह आहे. मुलगा, आई आणि आजी या तिघांनाही टोचणीची लस द्यावी लागेल. बहिणीला दोन्हींपैकी कोणतीही चालेल. तिच्या नाकातील लसीमुळे भावाला धोका होईल, अशी भीती बाळगू नये, कारण असा निर्बंध अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या कारणाने विशेष कक्षात ठेवलेल्या रुग्णाच्या जवळच्या माणसांपुरता असतो. दोन्ही मुले नऊ वर्षांखालची असल्याने आणि त्यांनी आधी कधी फ्लूची लस घेतलेली नसल्यास त्यांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतील. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे पहिली मात्रा मृगापूर्वी घेतलेली बरी.

दोन्ही लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून लस आधी नेऊन घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. बर्फाला थेट टेकून गोठलेली टोचणीची लस निकामी होते आणि ती नंतर वितळली की केवळ पाहून ओळखता येईलच असे नाही. अशी शंका आली, तर ती वापरू नये. डॉक्टरांची वेळ ठरल्यावर त्याच दिवशी आमच्याकडून आईसबॉक्समध्ये लस न्यावी. फ्लूची लस शासनाच्या नियमित बाल लसीकरणात नसल्याने तिचा खर्च स्वतः करावा लागतो. चालू हंगामाचा साठा आणि किंमत दुकानात विचारावी. अंड्याची ॲलर्जी किंवा आधीच्या लसीनंतर श्वास कोंडण्याचा त्रास झाला असेल, तर तो लस देण्याआधीच डॉक्टरांना सांगावा, आणि लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे.