बंधाऱ्यात अडलेल्या पाण्यात वीज असते तरी किती?

गावाखालच्या नदीवर भरलेला बंधारा पाहिला की हमखास कोणीतरी म्हणतं, "एवढं पाणी नुसतं उभं आहे, यावर गावाची वीज निघेल." मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मग एकदा कागद घेऊन हिशेब मांडला.

बंधारा 3 मीटर उंच धरू. नदीचं पात्र 15 मीटर रुंद, आणि पाणी मागे 300 मीटरपर्यंत तुंबलेलं. तळ चढता असल्यामुळे साठ्याचा आकार पाचरीसारखा होतो, म्हणून गुणाकाराचं निम्मं घ्यायचं: 6,750 घनमीटर, म्हणजे साडेसदुसष्ट लाख लिटर. पण हे सगळं पाणी 3 मीटरवरून पडत नाही. साठा उतरत जातो तशी उंचीही कमी होते, आणि पाचरीच्या आकारात सरासरी 2 मीटरच हाती लागते.

आता ऊर्जा. 1 घनमीटर पाणी 1 मीटर खाली आलं की 9,810 जूल मिळतात. आपल्या बिलातलं 1 युनिट म्हणजे 36 लाख जूल. म्हणजे एका युनिटसाठी 367 घनमीटर पाणी 1 मीटर खाली यायला हवं. या हिशेबाने अख्ख्या बंधाऱ्यात साधारण 37 युनिट ऊर्जा आहे. लहान टर्बाइन आणि जनित्र मिळून त्यातली निम्मी वाया घालवतात. उरली 18 युनिट. एवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपात दोन लिटर डिझेलमध्येही असते!

पाणी जड असलं तरी कमी उंचीवर ते फारच थोडी ऊर्जा धरून ठेवतं. कोयनेची वीज मोठी आहे ती नुसत्या धरणाच्या भिंतीमुळे नव्हे. तिथे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला, कोकणाच्या पातळीकडे सोडलेलं आहे. पाणी साठतं भिंतीमुळे, पण उंची मिळते ती डोंगरामुळे.

म्हणून छोट्या विजेसाठी मोठा बंधारा शोधण्यापेक्षा उतारावरचा वहाळ शोधावा. समजा, वहाळातून सेकंदाला 20 लिटर पाणी येतंय. 200 लिटरचं पिंप 10 सेकंदांत भरतं, एवढंच ते मोजमाप. गवंडी पातळी काढायला वापरतात त्या पारदर्शक नळीने टप्प्याटप्प्याने मोजत गेलं, तर खालच्या जागेपर्यंत 15 मीटर उतार भरतो. घर्षणात 1 मीटर गेला असं धरलं, तर 20 × 9.81 × 14 म्हणजे 2,750 वॅट, आणि त्याचे निम्मे, जवळपास 1,370 वॅट, तारेत येतात. आकडा लहान दिसतो, पण वहाळ रात्री झोपत नाही. चोवीस तासांत 33 युनिट होतात. बंधारा पूर्ण रिकामा करून मिळाली असती त्याच्या जवळपास दुप्पट, आणि तीही रोज.

घर्षणात 1 मीटरच जाईल की नाही, हे पाइप ठरवतो, आणि बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. 100 मीटर लांबीचा, आतून 140 मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप 20 लिटरच्या प्रवाहाला सुमारे 1 मीटर उंची खातो. पैसे वाचवायला 90 मिलिमीटरचा टाकला तर तोच पाइप जवळपास 9 मीटर खातो. डोंगराने दिलेली निम्म्याहून जास्त उंची नळीतच संपते. हे ओळखायला टर्बाइनच्या तोंडाशी दाबमापक लावावा. वॉल्व्ह बंद असताना तो चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाखवेल. टर्बाइन चालू केल्यावर काटा 1.4 वर थांबला तर पाइप ठीक आहे, 0.6 वर घसरला तर पाइप बारीक आहे, किंवा तोंडावरची जाळी पानांनी बुजली आहे. जाळी साफ करूनही काटा चढला नाही, तर दोष पाइपचाच.

मग बांध काहीच कामाचा नाही का? आहे, पण वेगळ्या कामाचा. उन्हाळ्याच्या तोंडाला तोच वहाळ सेकंदाला 5 लिटरवर येतो. 20 लिटरसाठी बनवलेलं टर्बाइन एवढ्याशा पाण्यावर नीट फिरत नाही. अशा वेळी उताराच्या माथ्यावर 18 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि वापरता येईल असं दीड मीटर पाणी धरणारं छोटं तळं पुरतं. दिवसभर 5 लिटरने ते भरू द्यायचं आणि संध्याकाळी 6 ते रात्री 12 पूर्ण 20 लिटर सोडायचे. सहा तासांत 8 युनिट मिळतात: दिवे, पंखे, टीव्ही, एखादा फ्रिज. पाइपचं तोंड मात्र तळ्याच्या सर्वांत खालच्या पातळीच्याही बरंच खाली हवं. वर भोवरा दिसू लागला की पाइपात हवा जाते आणि टर्बाइन खडखडू लागतं.

पाणी खर्च होत नाही. टर्बाइनमधून सुटलं की ते पाटाला लावून पोफळीच्या वाडीत नेता येतं. फक्त शिंपणाची वेळ सकाळऐवजी संध्याकाळची होते.