आधी आलेलं नव्हे, आधी संपणारं: औषधांच्या फळीवरचं गणित

औषधालयात माल कसा लावतात, असं कुणालाही विचारा. ‘जुना पुढे, नवा मागे’ हेच उत्तर येईल. ते जवळजवळ बरोबर आहे, पण औषधांच्या बाबतीत या ‘जवळजवळ’मुळे खोकीच्या खोकी फेकून द्यावी लागतात.

गोची अशी की, दुकानात उशिरा आलेला माल उशिराच संपतो असं नाही. एक कंपनी तिच्या गोळीला दोन वर्षांची मुदत देते, दुसरी तीच गोळी वेगळ्या वेष्टनात घालून तीन वर्षांची देते. एकाच कंपनीच्या मालातही घाऊक विक्रेत्याच्या गोदामात कोपऱ्यात राहून गेलेली जुनी बॅच नव्या बॅचनंतर हाती येऊ शकते. रुग्णालयात तर वॉर्डातून परत आलेली औषधं कधीही फळीवर येऊन बसतात. म्हणून फळी आवक-तारखेनुसार न लावता एक्सपायरीनुसार लावायची, ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी द्यायचा. पहिल्या पद्धतीला ‘फिफो’ म्हणतात, दुसरीला ‘फेफो’.

फरक किती पडतो, ते एका उदाहरणात पाहू. एका गोळीच्या महिन्याला ४० स्ट्रिप जातात आणि आज १ जानेवारी आहे. फळीवर तीन बॅच आहेत. सर्वांत आधी आलेली ‘क’, ६० स्ट्रिप, मुदत जून. नंतर आलेली ‘ख’, १०० स्ट्रिप, मुदत मार्च. शेवटी आलेली ‘ग’, १२० स्ट्रिप, मुदत डिसेंबर. (स्ट्रिपवर नुसता महिना छापलेला असेल, तर मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात.)

आवकीनुसार विकलं तर ‘क’ फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुरते. मग ‘ख’ला हात लागतो. तिला मार्चअखेरपर्यंत दीड महिनाच मिळतो, म्हणजे ६० स्ट्रिप जातात आणि ४० वाया. आता क्रम बदला. ‘ख’ आधी काढली तर ती मार्चच्या मध्यालाच संपते, मागोमाग ‘क’ एप्रिलअखेर आणि ‘ग’ जुलैअखेर. एकही स्ट्रिप वाया नाही. माल तोच, खप तोच. बदलला फक्त क्रम.

इथे चिकित्सक वाचक विचारेल, हे आकडे सोयीने निवडले असतील तर? याहून चांगला एखादा तिसराच क्रम कधी निघणारच नाही कशावरून? मला या विषयात सर्वांत आवडतो तो याचा पुरावा. त्याला समीकरण लागत नाही, फक्त अदलाबदल करावी लागते.

समजा, कुणी वेगळ्या क्रमाने माल विकला. मग त्या विक्रीत कुठेतरी असं घडलेलं असणार, की उशिरा संपणारी स्ट्रिप आधी गेली, समजा १० तारखेला, आणि लवकर संपणारी नंतर गेली, समजा २५ तारखेला. या दोघींची जागा मनातल्या मनात बदला. लवकर संपणारी २५ तारखेला चालत होती, तेव्हा १० तारखेला चालणारच. उशिरा संपणारी आता २५ तारखेला द्यायची आहे. त्या दिवशी तिच्या आधी संपणारीसुद्धा चांगली होती, मग हिला काय होणार? म्हणजे अदलाबदलीने काहीच बिघडलं नाही. आता लवकर संपणारी स्ट्रिप मुळात विकलीच गेली नव्हती, फळीवर पडून वाया गेली होती असं धरा. तरी १० तारखेला ती द्या आणि उशिरा संपणारी मागे ठेवा. वाया जाणाऱ्यांची संख्या वाढत नाही; उलट मागे राहिलेल्या स्ट्रिपच्या हाती अजून दिवस आहेत, तिला कदाचित गिऱ्हाईक मिळेलही. अशा अदलाबदली करत गेलं की कुठलाही क्रम शेवटी एक्सपायरीच्या क्रमावर येऊन थांबतो, आणि वाटेत एकदाही नुकसान वाढत नाही. म्हणून त्याच्याहून चांगला क्रम असूच शकत नाही. कारखान्यात कामं कुठल्या क्रमाने हाती घ्यावीत, या प्रश्नाला जेम्स जॅक्सन यांनी १९५५ मध्ये याच जातीचं उत्तर दिलं होतं: ज्याची मुदत आधी, ते काम आधी.

पण हा क्रम जादू करत नाही. खप ४० वरून ३० वर आला तर मार्चअखेरपर्यंत ९० स्ट्रिपच जातील, आणि ‘ख’च्या तर १०० आहेत. दहा वाया जाणारच, फळी कशीही लावा. मात्र हे मार्चमध्ये कळण्याची गरज नाही, जानेवारीतच कळतं. एक्सपायरीच्या क्रमाने बॅच मांडायच्या, प्रत्येक बॅचपाशी तोवरच्या सगळ्या स्ट्रिपची बेरीज करायची आणि त्या मुदतीपर्यंतच्या खपाशी ताडून पाहायची. बेरीज जिथे खपापेक्षा मोठी, तिथे जास्तीचा माल आहे. तो आत्ताच घाऊक विक्रेत्याला परत करता येतो किंवा दुसऱ्या शाखेत पाठवता येतो. आणखी दोन महिन्यांनी तो कुणी घेत नाही.

याहून नाजूक अडचण रुग्णाच्या घरात असते. विकल्याच्या दिवशी गोळी मुदतीत असून भागत नाही, शेवटची गोळी पोटात जाईल त्या दिवशीही ती मुदतीत हवी. तीस दिवसांचं औषध देत असाल, तर मार्चला संपणारी बॅच फार तर फेब्रुवारीअखेरपर्यंतच देता येते. महिन्याला ४० चा खप धरला तरी तोवर ८०च स्ट्रिप जातील आणि २० उरतील. मघाशी ‘एकही वाया नाही’ असं निघालेला हिशेब इथे कोसळतो. त्यावर उपाय म्हणजे उरलेल्या स्ट्रिप पाच-सात दिवसांच्या औषधोपचारासाठी द्यायच्या, आणि तीन महिन्यांची औषधं एकदम नेणाऱ्याला पुढची बॅच द्यायची. तेव्हा खरा नियम असा: उपचार पूर्ण होईपर्यंत टिकणाऱ्यांपैकी जी सर्वांत आधी संपते, ती.

आता थोडं एक्सपायरीबद्दलच्या दंतकथांविषयी. काहींना वाटतं, त्या तारखेच्या मध्यरात्री औषधाचं विष होतं. काहींच्या मते ही तारीख म्हणजे कंपन्यांची विक्री वाढवायची चाल. दोन्ही चूक. ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत बंद वेष्टनातलं औषध ठेवून त्याची ताकद आणि शुद्धता किती काळ टिकते, हे मोजून ती तारीख ठरते. त्यापुढे कंपनी हमी देत नाही, एवढाच तिचा अर्थ. अमेरिकी लष्कराच्या राखीव साठ्यातली औषधं तपासून मुदत वाढवण्याचा कार्यक्रम १९८६ पासून चालू आहे आणि त्यात अनेक बॅच तारखेनंतरही चांगल्या निघाल्या. पण तो साठा नियंत्रित तापमानात न उघडता ठेवलेला असतो आणि प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी होते. न्हाणीघरातल्या कपाटात ठेवलेल्या गोळ्यांना तो दाखला लागू नाही. उलट टोकाचं उदाहरणही आहे: खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद १९६३ ची आहे.

प्रत्यक्षात ही शिस्त मोडते ती अगदी साध्या जागी. स्ट्रिपवर बॅच आणि एक्सपायरी बहुधा एकाच टोकाला दाबून छापलेली असते. चार सुट्या गोळ्या देताना नेमकं तेच टोक कापलं गेलं, तर उरलेल्या तुकड्याला तारीखच राहत नाही आणि तो कुठल्या रांगेत लावायचा हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कापायचं ते नेहमी दुसऱ्या टोकाकडून. दुसरी चूक संगणकात होते. खोक्यावरच्या चौकोनी बारकोडमध्ये एक्सपायरी `17` या खुणेनंतर वर्ष, महिना, दिवस अशी सहा अंकांत असते. दिवस ठरलेला नसेल तर तिथे `00` असू शकतं. म्हणजे `17260300` याचा अर्थ मार्च २०२६ चा शेवटचा दिवस. एखादी संगणक प्रणाली हे `00` महिन्याची सुरुवात समजली, तर ती धडधाकट माल महिनाभर आधीच मुदतबाह्य ठरवते. हे तपासायला फार खटपट नको: असं एक खोकं स्कॅन करायचं आणि पडद्यावर मार्चची ३१ तारीख येते का ते पाहायचं.