टपलीसरशी गोठणारं पाणी

मे महिन्यात रत्नागिरीतल्या एका दुकानदाराने डीप फ्रीजमधून सीलबंद पाण्याची बाटली काढून दिली. आत स्वच्छ, पातळ पाणी. बाटली टेबलावर जरा आपटली आणि वरून खालपर्यंत पांढऱ्या सुया धावत गेल्या. दोन-तीन सेकंदांत सगळा भुगा बर्फ. बंदरावर रोज बर्फाच्या लाद्या फुटताना बघणारी माणसंही थबकून बघत राहिली.

हे कोडं पहिल्यांदा नोंदवलं ते डॅनियल फॅरनहाइटने, 1721 च्या मार्चमध्ये. त्याने काचेच्या छोट्या गोळ्यात पावसाचं पाणी घेतलं, उकळून आतली हवा काढली, नळीचं तोंड बंद केलं आणि गोळा रात्रभर थंडीत ठेवला. बाहेर 15 अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली सुमारे 9 अंश सेल्सिअस. पहाटे बघतो तर पाणी पातळच. नळीचं टोक मोडताच ते भराभर गोठलं. साहजिकच त्याला वाटलं, हवा आत शिरली म्हणून गोठलं. पुढे एकदा असाच गोळा हातात घेऊन जिना चढताना तो अडखळला आणि बंद गोळ्यातलं पाणी गोठलं. हवेचा तर्क तिथेच कोसळला. मला या साऱ्या इतिहासात हा जिना सर्वांत मोलाचा वाटतो.

खरं कारण बर्फाच्या बीजात आहे. थंड पाण्यात रेणूंचे बर्फासारखे चिमुकले पुंजके सतत जुळतात आणि विस्कटतात. पुंजका लहान असला की त्याच्या आकाराच्या मानाने पृष्ठभाग फार, आणि तो पृष्ठभाग घडवायला लागणारी ऊर्जा गोठण्यातून भरून निघत नाही. ठरावीक आकार ओलांडला तरच तो वाढत जातो. धुळीचा कण किंवा भांड्यावरचा ओरखडा त्याला आयता आधार देतो, धक्काही बीज धरायला निमित्त होतो. म्हणून विहिरीच्या पाण्यावर हा प्रयोग सहसा फसतो. अगदी शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब मात्र उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत पातळ राहू शकतात.

मग बाटलीत दगडासारखा बर्फ न होता भुगाच का झाला? याचं उत्तर पुढे जोसेफ ब्लॅकच्या सुप्त उष्णतेच्या शोधातून मिळालं. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. समजा, बाटलीत उणे 8 अंशांचं अर्धा लिटर पाणी आहे. ते शून्यावर यायला 4000 कॅलरी लागतात, आणि तेवढी उष्णता 50 ग्रॅम पाणी गोठलं की मिळते. तिथेच गोठणं थांबतं. म्हणजे दहातला एकच भाग बर्फ, बाकीचं पाणी सुयांच्या जाळीत अडकलेलं. थर्मामीटर आत असता तर गोठताना पारा उतरण्याऐवजी झपकन शून्यावर चढलेला दिसला असता.

वळवाच्या ढगांत, कोकणपट्टीवर पाचेक किलोमीटरच्या वर, असेच थेंब शून्याखाली पातळ राहून तरंगत असतात. तिथे एखादा बर्फकण तयार झाला की भोवतालची वाफ आणि थेंब गोळा करत तो वाढतो. खाली उबदार हवेत वितळून तोच पावसाचा टपोरा थेंब होतो, आणि वितळायला वेळ मिळाला नाही तर गार म्हणून अंगणात आदळतो.