ट्रेस मेटल विश्लेषणासाठी काचसामानाची आम्लधुलाई

पाणी, अन्न, रक्त, माती अशा नमुन्यांतील शिसे, कॅडमियम, तांबे यांसारखे धातू बऱ्याचदा अत्यल्प असतात, पाण्यात तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी. ते मोजण्याआधी काचेची भांडी डिटर्जंटने धुऊन, सौम्य नायट्रिक आम्लात काही तास भिजवून आणि अतिशुद्ध पाण्याने विसळून धातुमुक्त करतात. या लेखी कार्यपद्धतीला आम्लधुलाई म्हणतात. प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यात ती ‘ॲसिड वॉश’ असते आणि भांडी ‘बाथला टाकली’ जातात. घासून लख्ख केलेले भांडे आणि धातुमुक्त भांडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून या कामाला स्वतंत्र एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली लेखी कार्यपद्धती, लागते.

पिण्याच्या पाण्यातील शिशाचे उदाहरण घेऊ. IS 10500:2012 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. ठरावीक आकारमान मोजणाऱ्या १०० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच्या भिंतीला आधीच्या कामातले फक्त १ मायक्रोग्रॅम शिसे चिकटून राहिले आणि ते नव्या नमुन्यात उतरले, तर लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची भर पडते. म्हणजे शिशाचा लवलेश नसलेले पाणीही थेट मर्यादेवर जाऊन बसते. एक मायक्रोग्रॅम हा ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याने काच धुरकटही होत नाही.

हा धडा विज्ञानाला बराच महागात पडला. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचे वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी त्यांना प्रयोगशाळेतल्या हवेतून, पाण्यातून, आम्लांतून आणि भांड्यांतून नमुन्यात शिरणाऱ्या शिशाशी कित्येक वर्षे झुंजावे लागले. समुद्राच्या पाण्यातील अनेक धातूंचे १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे आकडेही प्रदूषणामुळे वाढीव निघाले. काही तर खऱ्या प्रमाणाच्या शेकडो पट होते. उपकरणे ठीक होती, नमुनेच हाताळताना बाटले होते.

काच धातू का धरते

प्रयोगशाळेतली नेहमीची काच बोरोसिलिकेट असते. तिच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. साध्या पाण्यात यांपैकी काही गट आपला हायड्रोजन सोडतात आणि पृष्ठभागावर ऋण प्रभार येतो. शिशाचे धन प्रभारित आयन तिथे येऊन धरले जातात. नळाच्या पाण्याने कितीही विसळले तरी ते हलत नाहीत, कारण त्यांना हलवायला दुसरा धन आयन भरपूर प्रमाणात लागतो. आम्ल तेच पुरवते. आम्लातले हायड्रोजन आयन संख्येच्या जोरावर जागा परत घेतात आणि शिसे द्रावणात उतरते.

आम्ल इथे मळ जाळत नाही, ते अदलाबदल करते, आणि अदलाबदलीला वेळ लागतो. वरच्या थरातले आयन पटकन निघतात. ओरखड्यांत आणि सूक्ष्म खड्ड्यांत शिरलेले मात्र हळूहळू बाहेर येतात. म्हणूनच एसओपीमध्ये आम्लाच्या तीव्रतेइतकाच भिजवण्याचा कालावधी महत्त्वाचा असतो.

विसळण्याचा हिशेब केला की हे आणखी स्पष्ट होते. फ्लास्क रिकामा केल्यावर आत साधारण १ मिलिलिटर द्रव चिकटून राहतो असे धरा. प्रत्येक वेळी ५० मिलिलिटर पाण्याने तीनदा विसळले, तर त्या द्रवातले शिसे सव्वा लाख पटींहून अधिक विरळ व्हायला हवे. कागदावर काम तिथेच संपते. प्रत्यक्षात हा हिशेब द्रवातल्या शिशापुरताच खरा आहे, भिंतीने धरलेले शिसे त्यात येतच नाही.

याची उलट बाजूही आहे. धातुमुक्त केलेल्या फ्लास्कमध्ये शिशाचे सौम्य प्रमाण द्रावण, म्हणजे तुलनेसाठीचे ज्ञात तीव्रतेचे द्रावण, नुसत्या पाण्यात करून ठेवले, तर थोडे शिसे भिंत शोषते आणि वाचन कमी येते. म्हणून प्रमाण द्रावणे आणि नमुने एक ते दोन टक्के नायट्रिक आम्लातच ठेवतात.

कृती

सुरुवात साबणापासूनच होते. काचेवर तेलकट पापुद्रा असेल तर आम्ल पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. जुनी लेबले आणि मार्करची शाई आधी काढावी. त्यासाठी ॲसिटोन किंवा अल्कोहोल वापरले असेल तर पुढे भरपूर पाण्याने धुऊन त्याचा अंशही उरू देऊ नये. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय द्रावक एकत्र आले की उष्णता आणि वायू जोरात बाहेर पडतात, स्फोटही होऊ शकतो. या कृतीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. त्यानंतर फॉस्फेटविरहित द्रव डिटर्जंटमध्ये भांडी भिजवून मऊ नायलॉन ब्रशने घासतात. ब्रशच्या टोकाची तार उघडी असेल तर तो ब्रश फेकून द्यावा. तारेने उठलेला ओरखडा पुढे कायम धातू साठवतो. मग नळाचे पाणी, त्यानंतर आयन काढून टाकलेले डीआयोनाइज्ड पाणी, आणि भांडी नीट निथळू द्यायची.

बाथसाठी पॉलिप्रोपिलिनचा झाकणाचा टब घेतात. १० लिटर बाथ करायचा असेल तर आधी ९ लिटर डीआयोनाइज्ड पाणी ओततात आणि मग वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये १ लिटर संहत नायट्रिक आम्ल, म्हणजे बाटलीवर ६८ ते ७० टक्के लिहिलेले, सावकाश ढवळत घालतात. पाणी आधी, आम्ल नंतर, हा क्रम कधीही उलटा होत नाही. गॉगल, ॲप्रन आणि पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घातलेलेच हवेत. तयार होते ते आकारमानाने १० टक्के द्रावण, मोलॅरिटीत सुमारे १.६. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००.८ या पद्धतीत २० टक्के नायट्रिक आम्लात किमान चार तास भिजवायला सांगितले आहे. अनेक प्रयोगशाळा १० टक्क्यांत रात्रभर ठेवतात. तीव्रता कमी केली की वेळ वाढवायचा. संध्याकाळी टाकून सकाळी काढणे सोयीचे पडते, वाफाही कमी येतात.

भांडे बाथमध्ये सोडताना तिरके धरून आतली हवा पूर्ण बाहेर काढावी लागते. जिथे बुडबुडा अडकतो तिथे आम्ल लागतच नाही. वरवर पाहता बुडलेले भांडे आतून अर्धवटच भिजते. अरुंद मानेचे फ्लास्क म्हणूनच बाथमधल्या आम्लाने गळ्यापर्यंत भरून मग आत आडवे ठेवतात. बुचे वेगळी बुडवायची, पिपेट उंच सिलिंडरमध्ये उभी करायची. टबावर तारीख आणि तीव्रता लिहिलेली हवी.

सकाळी प्लॅस्टिकच्या चिमट्याने भांडी बाहेर काढतात. स्टीलचा चिमटा आम्लात बुडवला तर लोह, क्रोमियम आणि निकेल त्याच बाथमध्ये उतरतात. मग १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेच्या अतिशुद्ध पाण्याने तीन ते पाच वेळा विसळायचे. एकदाच भरून ओतण्यापेक्षा थोडे थोडे पाणी घेऊन, भांडे आडवे फिरवत, मानेपर्यंत प्रत्येक भाग ओला करत विसळणे अधिक उपयोगी पडते.

वाळवण्यात पुष्कळांची मेहनत वाया जाते. नेहमीच्या ओव्हनमध्ये किंवा उघड्या रॅकवर ठेवलेल्या भांड्यात धूळ पडते, आणि धुळीत लोह, ॲल्युमिनियम, जस्त असतेच. शिवाय व्हॉल्युमेट्रिक काच तापवली तर तिच्या मापाचीही खात्री राहत नाही. भांडी गाळलेल्या हवेच्या लॅमिनार फ्लोखाली प्लॅस्टिकच्या रॅकवर पालथी घालावीत. फ्लास्कच्या बाबतीत सर्वांत चांगला उपाय म्हणजे वाळवायचेच नाही. त्यात १ टक्का शुद्ध आम्ल भरून बूच लावून ठेवावे आणि वापरायच्या वेळी ओतून विसळावे.

क्रोमिक आम्लाची जुनी सवय मात्र सोडावी लागते. काच त्याने चकचकीत होते, पण क्रोमियम काचेला चिकटून राहते आणि षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे ते वेगळेच. २००.८ पद्धतीत त्याला सरळ मनाई आहे. चांदी मोजायची असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लही टाळतात, कारण सिल्व्हर क्लोराइडचा साका भिंतीवर बसतो.

पडताळणी

भांडे स्वच्छ झाले की नाही हे ब्लँकवरूनच, म्हणजे नमुना न घालता केलेल्या मोजणीवरूनच, कळते. धुतलेल्या खेपेतले काही फ्लास्क निवडून त्यात उच्च शुद्धतेचे १ टक्का नायट्रिक आम्ल भरतात, रात्रभर ठेवतात आणि आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस या अत्यल्प धातू मोजणाऱ्या उपकरणांवर मोजतात. तेच आम्ल फ्लास्कमध्ये न घालता थेट बाटलीतूनही मोजायचे, नाहीतर दोष काचेचा की आम्लाचा हे कळणार नाही.

समजा, बाटलीतल्या आम्लात शिसे लिटरमागे ०.०२ मायक्रोग्रॅम निघाले आणि तीन फ्लास्कमध्ये ०.०३, ०.०४ आणि ०.४१. पहिले दोन ठीक आहेत. तिसरा पुन्हा रात्रभर बाथला टाकून मोजायचा. आकडा ०.०५ वर आला तर आधीचे शिसे पूर्ण निघाले नव्हते इतकेच. पुन्हा ०.४ च्याच आसपास राहिला तर ओरखडे किंवा मापरेषेचा रंग धातू सोडत असण्याची शक्यता धरून तो फ्लास्क या कामातून बाद करावा. तिन्ही आकडे सारखेच वर असतील तर संशय बाथवर किंवा विसळायच्या पाण्यावर घ्यायचा.

कोणते धातू एकत्र वाढले आहेत यावरूनही मूळ सापडते. एकटे जस्त वाढले असेल तर रबरी बूच किंवा पावडरचे हातमोजे पाहावेत. लोह, ॲल्युमिनियम आणि जस्त मिळून वाढले तर ती बहुतेक धूळ असते. लोह, क्रोमियम आणि निकेल एकत्र दिसले की कुठेतरी स्टील लागले आहे.

बाथ वापरता वापरता स्वतःच धातू गोळा करत जातो. तो बदलायचा दिवस कॅलेंडरवरून ठरवण्यापेक्षा त्याचाच थोडा अंश विरळ करून मोजलेला बरा. लिटरमागे १००० मिलिग्रॅमची स्टॉक द्रावणे ज्या फ्लास्कमध्ये केली, ते या बाथमध्ये येऊच नयेत. त्यांचा संच वेगळा, खूणही वेगळी. टाकाऊ आम्ल सोडियम बायकार्बोनेटने हळूहळू उदासीन करतात. सांडपाण्यासाठी पीएच ५.५ ते ९ च्या मर्यादेत हवा, पण पीएच जुळला म्हणजे धातू गेले असे नाही. धातूंचे प्रमाण जास्त असेल तर ते घातक कचऱ्यात जाते.

मर्यादा

ज्या मूलद्रव्यांची काच बनलेली आहे ती या धुलाईने जात नाहीत. बोरोसिलिकेट काचेत सुमारे १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते, सोबत सोडियम आणि ॲल्युमिनियमही. म्हणून बोरॉन, सिलिकॉन, सोडियम किंवा ॲल्युमिनियम अत्यल्प पातळीवर मोजायचे असेल तर काचेचे भांडे घेऊच नये. लिटरमागे नॅनोग्रॅमच्या कामालाही पीएफए, टेफ्लॉन अशा फ्लुओरोपॉलिमर प्लॅस्टिकची किंवा क्वार्ट्झची भांडी लागतात. त्यांनाही आम्लात भिजवावे लागतेच, आणि तेही जास्त काळ. काचेऐवजी प्लॅस्टिक घेण्याला पारा मात्र अपवाद आहे. त्याची वाफ पॉलिइथिलिनच्या भिंतीतून आरपार जाते, त्यामुळे पाऱ्याच्या नमुन्यांसाठी आम्लाने धुतलेली काच किंवा फ्लुओरोपॉलिमरच वापरतात.