असमता प्रश्न (बँक परीक्षा)

असमतेच्या चिन्हांनी जोडलेल्या विधानसाखळीतून कोणता निष्कर्ष निश्चित निघतो, हे ओळखण्याचा तर्कक्षमता चाचणीतील प्रश्नप्रकार. आयबीपीएस व स्टेट बँकेच्या लिपिक आणि अधिकारी पदांच्या परीक्षांत तो आढळतो. उमेदवारांच्या बोलण्यात तो ‘इनइक्वालिटी’ म्हणूनच येतो.

> आणि < ही चिन्हे टॉमस हॅरियट (मृत्यू १६२१) यांच्या १६३१ साली छापलेल्या बीजगणित ग्रंथात प्रथम मुद्रित झाली, असे सामान्यतः मानतात. ग्रंथ मरणोत्तर असल्याने चिन्हांचे श्रेय वादग्रस्त आहे. हॅरियट यांच्या हस्तलिखितांतील खुणांचा आकार वेगळा असून छापील रूप संपादकांनी दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. समतेची रेघ जोडलेली चिन्हे प्येर बूगे यांनी १७३४ मध्ये वापरली; ती दुहेरी रेघेची होती. आजच्या ≥ व ≤ मध्ये एकच रेघ उरली आहे.

सांकेतिक प्रकारात @, % अशा खुणांना अर्थ दिलेले असतात. ‘P हा Q पेक्षा लहान नाही’ म्हणजे ≥. येथे > लिहिणे ही नेहमीची चूक.

सोडवताना दोन अक्षरांमधला मार्ग पाहतात. सर्व चिन्हे एकाच दिशेची असतील तरच संबंध ठरतो. वाटेत एकही > आले तर निष्कर्ष >, नुसती ≥ व = असतील तर ≥. दिशा उलटली की संबंध तुटतो.

विधाने: K ≥ L = M ≥ N; P < M.

K पासून P पर्यंतचा मार्ग K ≥ L = M > P असा आहे, म्हणून K > P निश्चित. K आणि N यांमध्ये मात्र K ≥ N एवढेच कळते. K > N आणि K = N हे निष्कर्ष दिले असता एकटा कोणताही निश्चित नाही, पण दोहोंपैकी एक खरा असणारच; उत्तर ‘एकतर I किंवा II’.

खरी फसगत N आणि P यांच्यात होते. N कडून M कडे चढ आहे आणि तिथून P कडे उतार, म्हणजे संबंध अनिश्चित. निष्कर्ष N > P व N ≤ P असल्यास तिन्ही शक्यता भरतात, म्हणून ‘एकतर’. तेच N > P व N < P असल्यास समतेची शक्यता बाहेर राहते: K, L, M यांना ५ आणि N, P यांना ३ दिल्यास विधाने खरी राहतात, निष्कर्ष मात्र दोन्ही खोटे. उत्तर ‘दोन्ही नाही’. ‘एकतर’ लावण्यापूर्वी दोन्ही निष्कर्षांत अक्षरांची जोडी तीच आहे ना, हेही पाहावे लागते. N > P आणि P ≥ N अशी उलटी मांडणी घाईत वेगळीच भासते. चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा होत असल्याने अंदाजाने ‘एकतर’ निवडणे महागात पडते.