लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवरून फोन चार्जिंग

लॅपटॉपला फोन लावला की तासाभरात जेमतेम चार-पाच टक्के चढतात, तेव्हा बहुतेकांना वाटतं पोर्टच वीक आहे, पण खरं तर बऱ्याचदा फोनच हात आखडता घेत असतो, कारण समोरून त्याला तेवढीच परवानगी मिळालेली असते.

यूएसबी मुळात डेटासाठी बनलं, वीज सोबत आली ती माऊस-कीबोर्ड चालण्यापुरती. यूएसबी 2.0 च्या नियमात नुसतं जोडलेल्या डिव्हाइसने 100 मिलीअँपपेक्षा जास्त ओढायचं नाही, मग लॅपटॉपशी बोलणं होऊन त्याने हो म्हटलं की 500 पर्यंत. 5 व्होल्टला 500 मिलीअँप म्हणजे अडीच वॅट. यूएसबी 3.0 च्या पोर्टवर हीच मर्यादा 900 मिलीअँप, म्हणजे साडेचार वॅट.

मग फोनला कळतं कसं की पलीकडे लॅपटॉप आहे की भिंतीवरचा चार्जर? साध्या चार्जरमध्ये डेटाच्या दोन तारा आतच एकमेकींना जोडलेल्या असतात, फोन एका तारेवर थोडा व्होल्टेज टाकतो आणि तो दुसरीवर परत दिसला की समजतो हा चार्जर, आता जास्त ओढायला हरकत नाही. साध्या पोर्टवर तसं काही दिसत नाही, मग तो गुमान 500 वर थांबतो. काही लॅपटॉपवर एखादा पोर्ट चार्जिंगसाठी वेगळा असतो, तो दीड अँप देतो आणि 2010 च्या बॅटरी चार्जिंग 1.2 नियमात त्याची सोय आहे. टाइप-सी पोर्ट तर आपण किती देऊ शकतो ते वेगळ्या पिनवरून सांगतो, तिथे 3 अँपपर्यंत मिळू शकतं, पण सगळेच टाइप-सी पोर्ट एवढं देत नाहीत.

आता हिशोब. 5000 मिलीअँप-अवरची बॅटरी, 500 ने भागलं की 10 तास, असं लोक करतात, पण ते चूक आहे कारण बॅटरीचा व्होल्टेज 5 नसून साधारण 3.85 असतो. वॅटमध्येच मोजावं. बॅटरीत सव्वाएकोणीस वॅट-अवर मावतात, अडीच वॅटमधले पंधरा टक्के उष्णतेत गेले असं धरलं तर हातात उरतात 2.1, म्हणजे फोन बंद ठेवला तर साधारण 9 तास, तासाला 11 टक्के. पण स्क्रीन चालू ठेवून काही बघत बसलात आणि फोनने स्वतःच दीड वॅट खाल्लं तर बॅटरीला मिळतात फक्त 0.6 वॅट, तासाला 3 टक्के! गेम खेळत असाल तर फोन लॅपटॉपला लावलेला असूनही आकडा उलटा खाली येतो, त्यात फोन बिघडलेला नसतो.

लिनक्सवर फोन किती मागतोय ते असं दिसतं:

```
lsusb -v 2>/dev/null | grep -E '^Bus|MaxPower'
```

जोडलेल्या प्रत्येक डिव्हाइसच्या नावाची ओळ आणि तिच्याखाली MaxPower ची ओळ येते, फोनची बहुधा `500mA` दाखवते. हा मागितलेला कमाल आकडा, प्रत्यक्ष ओढलेला नाही. पातळ लांब केबल असेल तर तारेतच व्होल्टेज पडतो आणि फोन त्याहून कमी ओढतो, म्हणून आधी केबल बदलून बघायची, मग पोर्टला नावं ठेवायची.