‘क्युरेटिंग’ या शब्दामागचा इतिहास

कोल्हापुरात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ टिकला नाही की घरातली जाणती बाई आधी विचारते, “क्युरेटिंग केलं का?” दवाखान्याच्या कागदावरही बऱ्याचदा हाच शब्द असतो, मग आत काहीही केलेलं असो.

क्युरेट म्हणजे लांब दांड्याचा, धारदार कडेचा चमचा. पूर्वी पूर्ण भूल देऊन, गर्भाशयाचं तोंड रुंद करून त्यानं आतून खरवडत. सोनोग्राफी नव्हती आणि रक्तस्राव व जंतुसंसर्गाची धास्ती होती, त्यामुळे तेव्हा ते बरोबरच वाटे. पण खरवडणं खोल गेलं तर अस्तराला इजा होते, आतल्या भिंती चिकटतात आणि पाळी कमी होते किंवा थांबते. १९७० च्या दशकापासून सक्शन, म्हणजे प्लास्टिकची नळी आणि हातानं ओढायची सिरिंज वापरून आतलं ओढून घेणं, रुळलं. १२ आठवड्यांच्या आत गर्भाशयाच्या तोंडाजवळ बधिरतेचं इंजेक्शन देऊन पाचदहा मिनिटांत काम होतं. पाळीतल्यासारखी जोराची कळ येते, मग ओसरते. चमच्याऐवजी नळीच वापरावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. तरी जुनं नाव सुटलं नाही, म्हणून सक्शनलाही बायका चमच्याइतक्याच घाबरतात. माझ्या मते ही भीती नावानंच टिकवली आहे. ‘नळी की चमचा?’ हे आधी विचारून घ्यावं.

खरा वाद गर्भ आपोआप पडण्याची वाट पाहावी का, यावरून आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वाट पाहणं, गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिन्हींत जंतुसंसर्ग दोनतीन टक्क्यांच्याच घरात होता. मात्र वाट पाहणाऱ्यांना अचानक भरती होण्याची वेळ जास्त आली.

नात्यातली कागलची एक सून. तारखेनं नऊ आठवडे, पण सोनोग्राफीत गर्भ ९ मिलिमीटरचा आणि ठोके नाहीत. ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गर्भाला ठोके नसतील तर निदान पक्कं धरतात; त्याहून लहान असेल तर आठवड्यानं पुन्हा तपासतात. “पिशवी धुऊन घे, विषय संपव,” सासूबाई म्हणाल्या. तिनं दहा दिवस वाट पाहिली. डागही पडला नाही. गर्भाची वाढ थांबूनही रक्तस्राव सुरू झालेला नसेल, तेव्हा असं होतं.

मग डॉक्टरांनी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या योनिमार्गात ठेवल्या. पहिली गोळी आधी दिली की दुसरीचं काम जास्त खात्रीनं होतं, हे २०१८ च्या एका चाचणीत दिसलं. चार तासांनी थंडी वाजली, जुलाब झाले आणि पाळीपेक्षा खूप जोराच्या कळा आल्या. मोठ्या गुठळ्या पडल्यावर तासाभरात कळा उतरल्या. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, चक्कर आली, ताप राहिला किंवा स्रावाला घाण वास आला तर लगेच दवाखाना गाठायचा, हे तिनं फ्रिजवर लिहून लावलं होतं. तशी वेळ आली नाही. बारीक डाग दोन आठवडे राहिले. तिसऱ्या आठवड्यात लघवीची चाचणी निगेटिव्ह आली.